केसांचा रंग बदला, चमक राहू द्या

फोटोतल्या काळ्या केसांना बर्गंडी करायचं असेल तर बहुतेकजण एकच वाट धरतात. फोटोशॉपमध्ये केस निवडायचे, वर नवा लेअर घेऊन त्यात गडद लाल रंग भरायचा आणि लेअरचा ब्लेंड मोड `Color` करायचा. केस लगेच लाल होतात. पण डोक्यावर जिथे खिडकीचा उजेड पडून पांढरट पट्टा चमकत होता, तिथे आता बबलगमसारखा गुलाबी पट्टा उमटलेला असतो. ज्याला फोटोशॉपमधलं काही कळत नाही तोसुद्धा असा फोटो पाहून विचारतो, "विग घातलाय का?" काय चुकलं ते त्याला सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे डोळ्यांना कळतं. ही चूक नेमकी कुठून येते आणि ती कशी टाळायची, हे एकदा समजलं की केस असोत की डोळे, रंग बदलण्याचं बरंचसं काम हाती येतं.

आधी खरा केस पाहू. केसाच्या बाहेरच्या बाजूला एकावर एक चढलेल्या पारदर्शक खवल्यांचं आवरण असतं आणि रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, त्याच्या आतल्या भागात असतं. केसावर पडलेल्या उजेडाचा काही भाग या आवरणावरूनच परत फिरतो. त्याची रंगद्रव्याशी गाठच पडत नाही, म्हणून त्याचा रंग केसाचा नसतो, उजेडाचा असतो. खिडकीतून आकाशाचा उजेड येत असेल तर ही चमक किंचित निळसर दिसते, पिवळ्या दिव्याखाली पिवळसर दिसते. उजेडाचा दुसरा भाग केसाच्या आत शिरतो, पलीकडच्या भिंतीवर आपटतो आणि परत बाहेर येतो. हा मात्र जाताना आणि येताना रंगद्रव्यातून जातो, त्यामुळे तो केसाचा रंग घेऊनच बाहेर पडतो. स्टीफन मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली या दोन चमका मोजून दाखवल्या. चित्रपटांतले संगणकावर घडवलेले केस खरे वाटावेत यासाठी त्यांचं ते काम पुढे फार उपयोगी पडलं. खवले थोडे तिरके असल्यामुळे या दोन चमका एकाच जागी पडत नाहीत, हेही त्यांनी दाखवलं. बिनरंगी चमक केसाच्या मुळाकडे सरकलेली असते आणि रंगीत चमक टोकाकडे.

आपल्याकडच्या काळ्याभोर केसांत ही दुसरी चमक जवळजवळ नसतेच, कारण आत शिरलेला उजेड मेलॅनिन गिळून टाकतं. म्हणून काळे केस उजेडात पांढरे चमकतात आणि चमक संपली की थेट काळे होतात. बर्गंडी किंवा तपकिरी केसांत तसं होत नाही. तिथे पांढऱ्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला त्या केसाचा सर्वांत भरलेला, सर्वांत जिवंत रंग दिसतो. आता आपलं काम नेमकं झालं: पहिल्या चमकेला हात लावायचा नाही, आणि फोटोत नसलेली दुसरी चमक थोडी निर्माण करायची.

रंगीत फिल्म रुळण्याआधी स्टुडिओंमध्ये कृष्णधवल छायाचित्रांवर हाताने रंग चढवत, तिथे हाच विचार होता. रंग पारदर्शक असत. सावली आणि उजेड छायाचित्रातली चांदी सांभाळायची, रंग फक्त छटा द्यायचा, आणि जिथे कोरा कागद चमकायला हवा तिथे चांगला कारागीर कुंचला नेतच नसे. `Color` हा ब्लेंड मोड त्यातलं पहिलं काम चोख करतो. दुसरं काम, म्हणजे कुठे रंग लावायचा नाही हे ठरवणं, त्याला येत नाही. ते आपण करायचं.

`Color` मोड काय करतो ते एकदा आकड्यांत पाहिलं की ती गुलाबी चमक कुठून आली हे स्वच्छ कळतं. खालच्या फोटोतल्या प्रत्येक बिंदूची उजळता तो या सूत्राने काढतो:

```
0.30 R + 0.59 G + 0.11 B
```

मग वरच्या लेअरमधला रंग घेतो आणि त्याची उजळता खालच्या बिंदूइतकी करतो. समजा आपण भरलेला बर्गंडी 110, 25, 40 आहे. त्याची उजळता सुमारे 52. फोटोतल्या चमकेचा एक बिंदू 205, 208, 214 असा, म्हणजे निळसर पांढरा आहे आणि त्याची उजळता 208. आता 52 वरचा बर्गंडी 208 पर्यंत चढवायचा तर तिन्ही आकड्यांत 156 मिळवावे लागतात. लाल 255 च्या पलीकडे जातो, म्हणून तो 255 वर अडवून बाकीचे त्या प्रमाणात जुळवले जातात, आणि हाती येतो 255, 186, 198. हाच तो गुलाबी. संगणकाने चूक केलेली नाही. बर्गंडीला इतकं उजळ करा म्हटलं तर तो गुलाबीच होतो. चूक आपली, की जिथे केसाचा रंग दिसतच नाही अशा जागी आपण केसाचा रंग मागितला.

दुसऱ्या टोकाला उलटी अडचण असते. काळ्या केसाचा सावलीतला बिंदू 28, 24, 22 असला तर त्याची उजळता 25. बर्गंडी तिथवर खाली आणताना हिरवा शून्याखाली जातो, तो शून्यावर अडवला जातो आणि उत्तर येतं 78, 0, 14. हा शाईचा लाल आहे. त्यात केसांचा तंतूपणा हरवतो आणि सगळं केसांचं वस्तुमान एका रंगात बुडाल्यासारखं दिसतं. तोच बिंदू आधी 45 पर्यंत उजळला असता तर उत्तर आलं असतं 103, 18, 33, म्हणजे आपण निवडलेल्या बर्गंडीच्या अगदी जवळचं. म्हणून काळ्या केसांच्या बाबतीत रंगाच्या आधी उजळणी करावी लागते. हा टप्पा बरेचजण गाळतात आणि मग रंग चढेना म्हणून रंगच अधिकाधिक भडक करत जातात.

आता एक प्रत्यक्ष फोटो घेऊ. माझ्या मोठ्या मावसबहिणीला केस रंगवायचे होते, पण पार्लरमध्ये जाण्याआधी बर्गंडी आपल्याला शोभेल का हे तिला पाहायचं होतं. फोटो गॅलरीत काढलेला, उजेड डावीकडून, मागे फिक्या रंगाची भिंत, केस मोकळे, मधोमध भांग. अगदी घरगुती फोटो, आणि शिकायला उत्तम, कारण फिकी भिंत आणि भांग या दोन्ही गोष्टी आळशी मास्क लगेच उघडा पाडतात.

मास्क म्हणजे लेअरला जोडलेलं एक काळंपांढरं चित्र. ते जिथे पांढरं तिथे लेअर दिसतो, जिथे काळं तिथे लपतो, आणि राखाडी असेल तिथे अर्धवट दिसतो. केसांसाठी तो करताना मी आधी ढोबळ निवड करते, मग `Select and Mask` मध्ये जाऊन तिथल्या `Refine Edge Brush` ने केसांची बाहेरची कड फिरवते, म्हणजे सुटे बारीक केसही निवडीत येतात. एवढ्यावर न थांबता पुढचा भाग हाताने करावा लागतो. भांगातली त्वचा मऊ काळ्या ब्रशने मास्कमधून काढून टाकायची. कपाळावर जिथे केस विरळ होत त्वचेत मिसळतात तिथे मास्क एकदम तुटू द्यायचा नाही. ब्रशचा `Flow` 20 टक्क्यांच्या आसपास ठेवून, केस ज्या दिशेने वळतात त्याच दिशेने हलके फटकारे मारत राखाडी करत न्यायचं. खरे रंगवलेले केसही मुळाशी त्वचेची छटा घेऊन येतात, तिथे काटेकोर रेघ कधीच नसते.

कडेला मास्क थोडा सैल राहिला तर चालतं का? मागे काळोख असेल तर चालून जातं. फिक्या भिंतीवर नाही. `Color` मोड भिंतीची उजळता तशीच ठेवतो आणि तिला लाल छटा देतो, त्यामुळे डोक्याभोवती गुलाबी वलय दिसतं. हे वलय जवळून पाहताना लक्षात येत नाही, पण फोटो लहान करून पाहिला की पहिल्यांदा तेच खुपतं.

मास्क तयार झाला की तो एका लेअरला न देता एका ग्रुपला द्यावा. मग पुढचे सगळे लेअर त्या ग्रुपमध्ये ठेवायचे आणि एकाच मास्कमध्ये राहायचं. नंतर कड सुधारायची झाली तर एकदाच सुधारावी लागते.

ग्रुपमध्ये सर्वांत खाली `Curves`. बहिणीच्या फोटोत सावलीतले केस 25 च्या आसपास होते. ते 45 पर्यंत उचलले आणि 150 वर एक बिंदू ठोकून वरचा भाग होता तिथेच धरून ठेवला, म्हणजे चमक जास्त पांढरी होत नाही. यापलीकडे उचलायचा मोह होतो, पण काळ्या भागात मुळात माहितीच थोडी असते. जेपेगमध्ये त्या अंधारात जेमतेम 20-25 पायऱ्या असतात. त्या ताणल्या की दाणे आणि चौकोनी ठिपके वर येतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो असेल तर हे ठिपके हमखास दिसतात, कारण पाठवताना तो आणखी दाबला गेलेला असतो.

त्याच्या वर बर्गंडी भरलेला `Color` लेअर, `Opacity` सुमारे 60 टक्के. पूर्ण 100 टक्के ठेवला तर केसातला मूळचा रंगफरक, म्हणजे कुठे तांबूस, कुठे निळसर काळा, सगळा पुसला जातो आणि प्रत्येक केस एकाच रंगाचा होतो. रंगवलेल्या केसांतही तो फरक राहतो. थोडा जुना रंग खालून डोकावू द्यावा.

आणि आता चमक. या लेअरच्या नावापाशी डबल क्लिक केलं की उघडणाऱ्या खिडकीत तळाशी `Blend If` नावाचा भाग आहे. बऱ्याच वर्षांच्या फोटोशॉप वापरणाऱ्यांनीही तो कधी उघडलेला नसतो. त्यात `Underlying Layer` ची पट्टी असते, तिच्या उजव्या टोकाला पांढरा त्रिकोण. हा त्रिकोण डावीकडे सरकवला की खालचा फोटो जिथे त्याहून उजळ आहे तिथून आपला रंग निघून जातो. पण नुसता सरकवला तर रंग आणि चमक यांच्यामध्ये कापल्यासारखी कड येते. `Alt` दाबून ओढला की त्रिकोणाचे दोन भाग होतात. मी एक भाग 130 वर आणि दुसरा 210 वर ठेवला. आता 130 पर्यंत रंग पूर्ण, तिथून पुढे हळूहळू विरळ, आणि 210 ला शून्य. आपला तो 208 चा बिंदू पुन्हा निळसर पांढरा झाला, आणि पट्ट्याच्या कडेला रंग मऊपणे विरघळला. डावीकडचा काळा त्रिकोणही असाच फोडून 0 आणि 20 वर ठेवला, म्हणजे बटांच्या मधली खोल सावली काळीच राहिली. शाईचा लाल तिथे येऊच शकला नाही.

एक बारकावा इथे लक्षात ठेवायला हवा. `Blend If` खालच्या सगळ्या लेअरचा मिळून जो फोटो दिसतो त्याची उजळता पाहतं. नंतर मन बदलून `Curves` मध्ये अधिक उजळलं, तर आकडे तेच राहूनही रंगाची हद्द सरकते. उजळणी आधी पक्की करावी, मग त्रिकोणांना हात लावावा. जिम्पसारख्या मोफत प्रोग्राममध्ये काम करणाऱ्यांना हाच परिणाम मास्कमधून मिळवता येतो. फोटोची कृष्णधवल प्रत काढायची, ती उलटी करायची आणि रंगाच्या लेअरच्या मास्कमध्ये चिकटवायची. उजळ जागा मास्कमध्ये काळ्या होतात, म्हणून तिथला रंग आपोआप लपतो. त्यात `LCh Color` हा मोड इथल्या `Color` च्या जवळचं काम करतो.

एवढं झाल्यावर फोटो पाहिला तेव्हा तो चुकीचा वाटत नव्हता, पण मेलेला वाटत होता. कारण उघड होतं. काळ्या केसांची एकच चमक तिथे होती. बर्गंडी केसांची दुसरी चमक नव्हती. त्यासाठी ग्रुपमध्ये सर्वांत वर एक रिकामा लेअर घेतला, मोड `Screen`, `Opacity` 30 टक्क्यांच्या आत, आणि 150, 50, 45 असा तांबूस लाल रंग घेऊन पांढऱ्या पट्ट्याच्या खालच्या, म्हणजे केसांच्या टोकाकडच्या कडेला, बारीक ब्रशने केसांच्या दिशेने फटकारे मारले. सलग पट्टा ओढायचा नाही. काही बटांवर जास्त, काही बटांवर नाहीच. या एका लेअरने जो फरक पडतो तो बाकी सगळ्यांपेक्षा मोठा असतो, असं माझं ठाम मत आहे. उजेड केसांच्या आतून आल्यासारखा दिसायला लागतो.

राहिल्या भुवया. डोक्यावर बर्गंडी आणि भुवया काळ्याकुळकुळीत असल्या की चेहरा दोन फोटोंमधून जोडल्यासारखा दिसतो. भुवयांना वेगळा मास्क देऊन तोच रंग 20 टक्क्यांच्या आसपास दिला की पुरे.

डोळ्यांचं तत्त्व हेच आहे, फक्त जागा लहान. बुबुळावर दिसणारा उजेडाचा ठिपका बुबुळाचा नसतो. तो त्याच्या पुढे असलेल्या पारदर्शक पडद्यावरचं, कॉर्नियावरचं, खिडकीचं प्रतिबिंब असतो. म्हणून डोळे काळे असोत, निळे असोत की घारे, तो ठिपका पांढराच राहतो. मास्क करताना बुबुळाचं वर्तुळ घ्यायचं, कड एक-दोन पिक्सेल मऊ करायची, आणि त्यातून उजेडाचा ठिपका, मधली काळी बाहुली आणि आडव्या येणाऱ्या पापण्यांचे केस वगळायचे. वरच्या पापणीची सावली बुबुळाच्या वरच्या भागावर पडलेली असते. ती तशीच ठेवायची. ती उजळली की डोळे वटारल्यासारखे दिसतात.

गडद तपकिरी डोळे घारे करताना एक वेगळीच अडचण येते. आपल्या बहुतेक फोटोंत बुबुळ इतकं गडद असतं की बाहुली त्यातून वेगळी दिसतच नाही. बुबुळ उजळलं की बाहुली अचानक उघडी पडते, आणि तिची कड फोटोत नसेल तर ती आपल्यालाच ठरवावी लागते. दोन्ही डोळ्यांत ती सारख्या आकाराची आणि बुबुळाच्या मधोमध असायला हवी, नाहीतर नजर चकणी होते. रंगही एकसारखा भरू नये. घाऱ्या डोळ्यांत बाहुलीभोवती मधाळ तपकिरी आणि बाहेर हिरवट छटा असते, आणि अगदी कडेचं गडद वर्तुळ रंग बदलला तरी गडदच राहतं. उजेडाचा ठिपका वर डावीकडे असेल तर कॉर्नियातून वळलेला उजेड बुबुळाच्या खालच्या उजव्या भागावर एकवटतो, त्यामुळे तो भाग थोडा अधिक उजळ करावा. यातलं काहीच फोटोत मूळचं नसेल तर हात आवरता घ्यावा. काळ्या डोळ्यांचे फिके निळे डोळे करणं जवळजवळ नेहमीच फसतं, कारण तिथे रंग बदलण्यापेक्षा बुबुळ नव्याने रंगवणंच जास्त होतं.

काम नीट झालं का हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. सगळ्यांच्या वर एक कृष्णधवल करणारा लेअर ठेवा आणि खालचा रंगाचा ग्रुप दाखवत-लपवत पाहा. केस थोडे उजळ-गडद होतील, पण चमकेच्या पट्ट्याचा आकार, त्याची जागा आणि त्यातली एकेक बट जिथल्या तिथे राहिली पाहिजे. पट्टा रुंद झाला किंवा मळकट झाला तर त्रिकोण पुन्हा सरकवायचे. मग कृष्णधवल लेअर काढून फोटो अंगठ्याएवढा करून पाहायचा. वलय, भांगातला लाल डाग, भडकपणा, सगळं त्या लहान चित्रात दिसतं.

बहिणीला मी फोटो दाखवला तेव्हा ती म्हणाली, "इतका गडद? मला वाटलं लालभडक दिसेल." मुद्दाम तसा ठेवला होता. न रंगवलेल्या काळ्या केसांवर ब्लीच न करता साधा कायमस्वरूपी रंग लावला तर तो केसांना फार उजळवू शकत नाही. 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा नेहमीचा डेव्हलपर केस एक-दोन पायऱ्यांनीच उजळवतो. त्यामुळे खरी बर्गंडी घरात जवळजवळ काळी दिसते आणि उन्हात गेलं की पेटते. संगणकावर ती हवी तेवढी लाल करता येते, पण तो फोटो पाहून पार्लरमध्ये गेलेली बाई निराश होऊन परत येते.

म्हणून रंगाचा अंदाज घेण्यासाठी फोटो बदलणार असाल तर मूळ फाइल घ्या, कुणीतरी पाठवलेली दाबलेली प्रत नको. फोटो दिवसाउजेडी, खिडकीशेजारी काढलेला असू द्या, आणि `Curves` मध्ये सावली 45 च्या वर नेऊ नका. त्याहून उजळ केस हवे असतील तर ब्लीच लागेल, आणि ते केसांना सोसेल का हे संगणकाला नाही, पार्लरमधल्या जाणत्या बाईंना विचारा.